एक एकर उन्हाळ कांदा आणि त्याची वही: शेतीच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक महिन्यातून एका रविवारी घाटकोपरला भरते. जत्रेची वर्गणी आणि देवळाचा पत्रा हे विषय संपले की बोलणे शेतीवर येते, कारण जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात जवळजवळ प्रत्येकाचा एखादा भाऊ जमीन कसतो आणि दुसरा मुंबईत नोकरी करतो. मी फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशोबाचे काम करतो. गावाकडे दादा आणि वहिनी शेती बघतात आणि आम्ही तिघे मिळून पिकाची वही ठेवतो. बैठकीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतले आहे: आमच्या एका हंगामातला एक एकर उन्हाळ कांदा. तुमच्याकडचे दर आणि मजुरी वेगळी असेल, पण मांडणीची रीत तीच राहील.

हिशोब घराचा ठेवायचा, शेताचा की पिकाचा?

पिकाचा. आणि एकाच तुकड्यात दोन पिके असतील तर तुकड्याचाही. दादा आधी एकच वही ठेवायचा. तिच्यात खताची गोणी, मुलीची फी, मोटारीचे रिवाइंडिंग, लग्नातला आहेर हे सगळे तारखेप्रमाणे लागोपाठ लिहिलेले असायचे. वर्षाच्या शेवटी घरात पैसे आहेत की नाहीत एवढे त्यातून कळायचे. कांद्याने दिले, की टोमॅटोने दिले आणि कांद्याने खाल्ले, ते कळायचे नाही.

आता आमची रीत अशी आहे. शंभर पानी वही, तिच्यात प्रत्येक पिकाला सलग आठ पाने. पहिल्या पानाच्या माथ्यावर पिकाचे नाव, गट नंबर, क्षेत्र आणि लागणीची तारीख. क्षेत्र गुंठ्यातच लिहा. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आर मध्ये असते, मजुराशी ठराव एकरावर होतो, आणि प्रत्यक्षात बांध, पाट आणि विहिरीची जागा सोडली तर एकराचे ३६ गुंठेच पिकाखाली असतात. औषध-खताचा हिशोब पुढे नीट जुळायला हवा असेल तर हा आकडा पहिल्या दिवशीच मोजून घ्यावा लागतो. आमच्या उदाहरणात पूर्ण ४० गुंठे कांदा होता.

रोज काय लिहायचे? एवढे लिहायला वेळ कुणाला आहे?

एका नोंदीत पाच गोष्टी हव्यात: तारीख, काम किंवा वस्तू, किती, काय दराने, एकूण रक्कम. त्यात ‘किती’ कधीच गाळू नका. ‘खुरपणी ५,६००’ असे लिहिले तर पुढच्या वर्षी त्याचा उपयोग नाही. ‘खुरपणी, १६ बाया, ३५० प्रमाणे’ असे लिहिले तर मजुरी वाढली की तण वाढले, हे पुढच्या वर्षी वेगळे करून बघता येते.

रक्कम मात्र दोन रकान्यांत लिहा. पहिला रकाना ‘रोख’, म्हणजे खिशातून किंवा खात्यातून गेलेले. दुसरा ‘घरचे’, म्हणजे पैसे गेले नाहीत पण घरची वस्तू किंवा घरचे माणूस लागले. वहीतली ही एक उभी रेघ सगळ्यात महत्त्वाची आहे. ती का, ते पुढच्या दोन-तीन उत्तरांत दिसेल.

वेळेचे म्हणाल तर आमच्याकडे वहिनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात खुणा करतात. ‘दा’ म्हणजे दादा दिवसभर रानात, ‘व’ म्हणजे त्या स्वतः, अर्धा दिवस असेल तर अक्षराला आडवी रेघ. बाहेरच्या बायांचा नुसता आकडा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दादा त्या खुणा वहीत उतरवतो. दुकानाच्या पावत्या पिठाच्या डब्यामागच्या खिळ्याला टोचलेल्या असतात, त्याही त्याच दिवशी. पंधरा मिनिटे लागतात. पंधरा दिवस साचू दिले तर मात्र कुठली फवारणी कांद्याची आणि कुठली गव्हाची, हे कुणालाच आठवत नाही.

घरच्या माणसांनी केलेल्या कामाची मजुरी धरायची का? आपल्याच शेतात आपण मजूर कसे?

धरायची, पण वेगळ्या रकान्यात. ज्या दिवशी दादा पाणी भरत होता त्या दिवशी तो दुसऱ्याच्या रानात गेला असता तर त्याला ५०० रुपये मिळाले असते. वहिनींना ३५०. हे न धरता काढलेला नफा हा मुळात त्यांच्या अंगमेहनतीचा मोबदला असतो, आपण त्याला जमिनीचा नफा समजतो.

ही काही आपल्या मनाची पद्धत नाही. केंद्र सरकारचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावाची शिफारस करताना हेच करतो. प्रत्यक्ष झालेला खर्च तो वेगळा काढतो, त्यात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळवून दुसरा आकडा काढतो, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरून तिसरा. २०१८-१९ पासून हमीभाव ठरवताना ‘दीडपट’ म्हणतात, ती यातल्या दुसऱ्या आकड्याची. कांद्याला हमीभावच नाही, म्हणून आपला खर्च आपणच मोजायला हवा.

सावडीने केलेले कामही असेच. शेजारचे चार जण आपल्या लागणीला आले आणि आपण त्यांच्याकडे चार दिवस गेलो, तर पैसे कुणी कुणाला दिले नाहीत. पण आपण दिलेले चार दिवस ‘घरचे’ रकान्यात येतात, कारण ते आपल्या कांद्यासाठीच फेडले.

आमच्या एकरात दादाचे ३८ दिवस आणि वहिनींचे ३० दिवस निघाले. म्हणजे १९,००० आणि १०,५००, मिळून २९,५००. कॅलेंडरवर मोजून होईपर्यंत वहिनींचे दिवस दहा-बारा असतील असे आम्ही धरून चाललो होतो.

मोटार, पाइप, उरलेले खत, घरचे शेणखत हे एका पिकाच्या नावावर कसे घालायचे?

जिथे सरळ मोजता येते तिथे मोजा, नाही तर क्षेत्रावर वाटा. मोटारीचे रिवाइंडिंग ४,८०० झाले आणि त्या विहिरीवर एक एकर कांदा व एक एकर गहू होता, म्हणून कांद्याकडे २,४००. खताच्या पाच गोण्या एकदम आणल्या आणि कांद्याला तीनच लागल्या तर कांद्यावर तीनच घाला. उरलेल्या दोन वहीच्या शेवटच्या पानावर ‘शिल्लक माल’ म्हणून लिहा आणि ज्या पिकाला वापराल त्याच्या खात्यात तेव्हा घ्या.

घरचे शेणखत गावात ट्रॉली ज्या भावाने विकली जाते त्या भावाने ‘घरचे’ रकान्यात लिहायचे, आणि तेवढीच रक्कम गाईच्या खात्यात जमा दाखवायची. तसे केले नाही तर गाय तोट्यात आणि कांदा फायद्यात दिसतो.

मोटार, पाइपलाइन, बराखी यांचा घसारा सोपा ठेवा. किंमत भागिले किती वर्षे टिकेल. आमची बराखी, म्हणजे कांदाचाळ, ६०,००० ला झाली आणि दहा वर्षे चालेल असे धरले, म्हणून वर्षाला ६,०००. मोटार-पाइपचा कांद्याकडचा घसारा २,००० धरला.

वाशीची पट्टी आली. त्यावर शेवटी लिहिलेली रक्कम हीच विक्री ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या उत्तराला थोडी जागा घेतो.

एप्रिलमध्ये दादाने ८० पिशव्या वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला पाठवल्या. पिशवी ५० किलोची, म्हणजे ४० क्विंटल. तिसऱ्या दिवशी त्याने मला पट्टीचा फोटो पाठवला. कार्बनची प्रत, आकडे पुसट, आणि तळाशी ठळक २३,२४०. दादाने वहीत लिहिले: ‘कांदा विक्री २३,२४०’. मी कामावरून सुटल्यावर लोकलमध्ये बसून फोटो मोठा करून वाचला, तेव्हा ओळी अशा होत्या:

४० क्विंटल, ११ रुपये किलो: ४४,०००
मोटारभाडे, पिशवीला ६०: वजा ४,८००
हमाली, तोलाई, वाराई मिळून पिशवीला १२: वजा ९६०
उचल: वजा १५,०००
देय: २३,२४०

यात विक्री ४४,००० आहे. भाडे आणि हमाली-तोलाई हा विक्रीचा खर्च आहे, तो खर्चाच्या बाजूला लिहायचा. आणि उचल यातली कशातच बसत नाही. ती नोव्हेंबरात बी-खतासाठी व्यापाऱ्याकडून घेतलेली रक्कम होती, ती आता फेडली गेली. त्या पैशातून घेतलेले बी आणि खत आपण तेव्हाच खर्चात लिहिले आहे. आता विक्रीतूनही ते वजा राहू दिले तर १५,००० दोनदा खर्ची पडतात. दादाने टेम्पोचे भाडे आणि हमाली खर्चाच्या पानावरही लिहिली होती, म्हणजे तेही ५,७६० दोनदा. एका पट्टीत नफा २०,७६० ने कमी दिसत होता.

म्हणून पट्टी आली की आधी एकूण किंमत जमेला, मग प्रत्येक कपात आपापल्या ओळीत. तळाची रक्कम फक्त बँकेत तेवढेच आले का हे ताडून बघण्यासाठी.

पट्टी वाचताना आणखी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वजन. गाडी भरताना अधूनमधून पाच पिशव्या घरच्या काट्यावर तोलून सरासरी लिहून ठेवा. कांदा वाटेत थोडा सुकतो, त्यामुळे पिशवीमागे थोडा फरक पडणारच. पण प्रत्येक पिशवीत दीड-दोन किलो गायब असतील तर विचारायलाच हवे, आणि विचारायला तुमच्याकडे लिहिलेला आकडा हवा. दुसरी म्हणजे अडत. फळे-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, हा नियम राज्यात २०१६ पासून आहे. पट्टीवर ती या ना त्या नावाने तुमच्या रकमेतून कापलेली दिसली तर पट्टी जपून ठेवा आणि बाजार समितीकडे लेखी विचारा. आमच्याच एका जुन्या पट्टीत ‘इतर’ नावाची ओळ होती. ती कशाची, हे त्या गाळ्यावर कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही महिनाभराने विचारल्यामुळे ते पैसे परत मिळाले नाहीत.

पिशव्यांची किंमत (नगाला ३०, एकूण २,४००) आणि गाडी भरण्याची मजुरी ४०० हे पट्टीवर येत नाही, कारण ते घरूनच दिलेले असते. ते आठवणीने लिहा. या खेपेचा सगळा विक्रीखर्च ८,५६० झाला. ४४,००० मधून तो गेला की उरले ३५,४४०, म्हणजे किलोला ८ रुपये ८६ पैसे. बाजारभाव ११ चा, शेतावर पडलेला भाव ८.८६ चा.

पीककर्ज मिळाले, मुंबईहून भावाने पैसे पाठवले. हे उत्पन्नात लिहायचे का?

उचलीसारखेच. कर्जाची मुद्दल आली तेव्हा ते उत्पन्न नाही आणि फेडली तेव्हा तो खर्च नाही. खर्च फक्त व्याजाचा, आणि तेही खरोखर भरले असेल तरच. मी जानेवारीत लागणीच्या मजुरीसाठी १०,००० पाठवले, ते ‘देणे-घेणे’ या वेगळ्या पानावर माझ्या नावाने लिहिले. ते कांद्याच्या पानावर आलेच नाहीत. त्यातून दिलेली मजुरी तेवढी आली.

मुंबईकरांना कळकळीने सांगतो: पैसे पाठवताना ते उसने आहेत की घरखर्चाला दिलेले आहेत, हे त्याच दिवशी फोनवर बोलून घ्या. चार वर्षांनी, वडिलांच्या वर्षश्राद्धाला, चार पाहुण्यांसमोर त्यावर वाद झालेला मी आमच्याच घरात पाहिला आहे.

मग शेवटी निव्वळ नफा कसा काढायचा? एकदा सगळे आकडे दाखवा.

काढणीपर्यंतचा रोख खर्च असा झाला. तीन किलो बियाणे आणि रोपवाटिका ६,०००. नांगरट, रोटर, वाफे ५,०००. विकतचे शेणखत दोन ट्रॉली ७,०००. रासायनिक खते ९,४००. तणनाशकासह फवारण्या ८,६००. लागण, उक्ती, १२,०००. खुरपणी ५,६००. काढणी आणि पात कापणे, उक्ते, १३,०००. मोटारीचा वाटा २,४००. एकूण ६९,०००.

घरचे: एक ट्रॉली शेणखत ३,५००, दादा-वहिनींची मजुरी २९,५००, मोटार-पाइपचा घसारा २,०००. एकूण ३५,०००.

कांदा निघाला ११२ क्विंटल. म्हणजे काढणीच्या दिवशी किलोचा रोख खर्च ६ रुपये १६ पैसे आणि घरचे धरून ९ रुपये २९ पैसे. हे दोन आकडे आम्ही पानाच्या कोपऱ्यात चौकट करून लिहितो, कारण भाव बोलला जात असताना हेच लागतात. ८.८६ पदरात पडले तेव्हा उधारी फिटत होती, पण दादा-वहिनींची मजुरी पूर्ण निघत नव्हती.

या ११२ पैकी ४० क्विंटल एप्रिलमध्ये गेला, २ क्विंटल खायला ठेवला, आणि ७० क्विंटल बराखीत भरला. ऑगस्टअखेर बराखी फोडली तेव्हा त्यातून विकण्याजोगा ५२ क्विंटल निघाला. ४८ क्विंटल चांगला माल १९ रुपयांनी आणि ४ क्विंटल गोल्टी ८ रुपयांनी गेली. या खेपेची विक्री ९४,४००.

खर्च १०४ पिशव्यांवर: भाडे ६,२४०, हमाली-तोलाई १,२४८, पिशव्या ३,१२०, भराई ५२०, आणि सडका कांदा निवडायला १४ बाया, ४,९००. रोख १६,०२८. बराखीचा घसारा ६,००० घरच्या रकान्यात.

आता बेरीज. दोन्ही खेपांची विक्री १,३८,४००. त्यातून काढणीपर्यंतचे रोख ६९,००० आणि दोन्ही खेपांचा रोख विक्रीखर्च २४,५८८ वजा केला की हातात राहिलेले रोख ४४,८१२.

त्यात खायला ठेवलेल्या कांद्याची किंमत १,७७२ मिळवा. मग घरचे सगळे, म्हणजे ३५,००० आणि बराखीचे ६,०००, मिळून ४१,००० वजा करा. निव्वळ नफा ५,५८४.

हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही लागतात. ४४,८१२ वरून घर चालेल का हे कळते. ५,५८४ वरून पुढच्या वर्षी हेच पीक याच तुकड्यात घ्यावे का हे कळते. नुसता पहिला बघितला तर कांदा फार चांगला दिसतो. नुसता दुसरा बघितला तर शेती सोडावीशी वाटेल, आणि तेही बरोबर नाही, कारण त्यात २९,५०० ची मजुरी घरातच आली आहे.

खायला ठेवलेला कांदा कशाला धरायचा? तो काही विकला नाही.

दोन क्विंटल म्हणजे चार पिशव्या. दोन घरात, दोन मुंबईला, एसटीच्या टपावरून नाही तर टेम्पोत इतरांच्या मालाबरोबर आमच्या घाटकोपरच्या खोलीत येतात. त्या धरल्या नाहीत तर पिकाने जे दिले ते कमी दिसते. किंमत मात्र मुंबईतल्या भाजीवाल्याच्या भावाने लावू नका. शेतावर जो भाव पडला तोच, म्हणजे ८.८६. गहू, तांदूळ, डाळ यांत हा आकडा कितीतरी मोठा निघतो. गव्हाच्या पानावर तर आमची अर्धी जमा अशीच असते.

साठवून विकले ते फायद्याचे झाले का? अकराचा भाव एकोणीस झाला म्हणजे जवळपास दुप्पट ना?

हा प्रश्न दर वर्षी एप्रिलमध्ये येतो, आणि नुसत्या दोन भावांची तुलना करून त्याचे उत्तर नेहमी चुकते.

तुलना बाजारभावांची करायची नाही. बराखीत भरलेल्या प्रत्येक किलोमागे शेवटी किती पदरात पडले, ते बघायचे. बाहेर निघालेल्या किलोमागे नाही, आत भरलेल्या किलोमागे. ७० क्विंटल भरला, ५२ निघाला. १८ क्विंटल सडला, कोंब आले, किंवा वजनात सुकून गेला. म्हणजे चौथा हिस्सा गेला. ९४,४०० मधून या खेपेचा सगळा खर्च, घसाऱ्यासह २२,०२८, वजा केला तर ७२,३७२ राहतात. त्यांना ७० क्विंटलने भागा: किलोला १० रुपये ३४ पैसे.

एप्रिलमध्ये हाच माल ८.८६ ने पदरात पडला असता. म्हणजे चार महिने थांबल्याचा खरा फायदा किलोला १ रुपया ४८ पैसे, ७० क्विंटलवर साधारण दहा हजार. फायदा झालाच, पण गावात ‘भाव दुप्पट मिळाला’ म्हणून जे ऐकू येते तसा नाही.

याच आकड्यांवरून उलटा हिशोबही करता येतो आणि तो जास्त उपयोगी आहे. एप्रिलमध्ये विकला असता तर ७० क्विंटलचे ६२,०२० आले असते. त्यात साठवणीच्या खेपेचा खर्च २२,०२८ मिळवला की ८४,०४८. बाहेर निघालेल्या ५२ क्विंटलने भागले तर १६ रुपये १६ पैसे. म्हणजे गोल्टी धरून सरासरी भाव १६.१६ च्या वर गेला तरच थांबणे परवडले. आम्हाला सरासरी १८.१५ मिळाला. सड वाढली तर हा आकडा झपाट्याने वर जातो, म्हणून दादा दर पंधरा दिवसांनी बराखीच्या बाजूने दोन-चार ठिकाणी हात घालून कांदा काढतो, वास बघतो आणि वहीत लिहितो. पावसाळ्यात खालच्या थरातून पाणी सुटून कुबट वास यायला लागला की भावाची वाट बघत नाही. त्या क्षणी रोजच्या रोज किलो कमी होत असतात, आणि भाव मात्र रोज वाढेलच असे नाही.

घरात देणी तुंबली असतील आणि त्यांचे व्याज चालू असेल तर ते चार महिन्यांचे व्याजही साठवणीच्या खर्चात घाला. सावकारी दराने ते दहा हजार सहज खाऊन टाकते.

हिशोबाचे वर्ष कुठून कुठपर्यंत?

पिकाचे पान लागणीच्या तयारीपासून शेवटची पिशवी जाईपर्यंत उघडे ठेवा, मग ते दहा महिने असो. उन्हाळ कांद्याचे रोप नोव्हेंबरात पडते आणि विक्री ऑगस्टात संपते. ३१ मार्चला पान बंद केले तर एका वर्षात सगळा खर्च आणि दुसऱ्या वर्षात सगळी विक्री असे होईल. घराचा वर्षाचा ताळा हवा असेल तर तो वेगळ्या पानावर, पाडवा ते पाडवा किंवा मार्चअखेर, जसा सोयीचा पडेल तसा.

पीएम-किसानचे पैसे आणि विम्याची भरपाई?

पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० (तीन हप्त्यांत) कोणत्याच पिकाने दिलेले नाहीत, म्हणून ते घराच्या पानावर. पीक विम्याची भरपाई ज्या पिकाची मिळाली त्या पिकाच्या पानावर, पण विक्रीत मिसळू नका, वेगळी ओळ करा.

वही की मोबाइल?

रानात वही आणि कॅलेंडर. मी मुंबईत महिन्यातून एकदा ते शीटमध्ये घालतो, म्हणजे बेरजा तपासल्या जातात आणि दादाला फोनवर आकडा सांगता येतो. सात रकाने ठेवले आहेत: तारीख, पीक, खर्च की विक्री, नग, दर, रक्कम, रोख की घरचे. कांद्याचा रोख खर्च एका ओळीत निघतो:

```
=SUMIFS(F:F,B:B,"कांदा",C:C,"खर्च",G:G,"रोख")
```

शेवटचा शब्द `घरचे` केला की दुसरा आकडा. एकच काळजी: एका ठिकाणी ‘कांदा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उन्हाळ कांदा’ लिहिले तर ती ओळ बेरजेत येत नाही आणि शीट काही बोलत नाही. म्हणून महिन्याच्या शेवटी वहीतली बेरीज आणि शीटमधली बेरीज शेजारी ठेवून बघतो.

सातबाऱ्यावर माझे नाव आहे आणि मी मुंबईत नोकरी करतो. आयकरात हे दाखवायचे का?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ते दाखवावे लागते. तुमच्या वाट्याचे निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि नोकरीचे उत्पन्न करमाफ मर्यादेच्या वर असेल, तर नोकरीच्या उत्पन्नावरचा कर काढताना दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न मिळवून धरतात. ५,००० च्या वर गेले की आयटीआर-१ चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

इथे निव्वळ म्हणजे आपले ५,५८४ नव्हे. घरच्या माणसांची मनाने धरलेली मजुरी आयकरासाठी खर्च होत नाही. तिथे खरोखर झालेला खर्चच चालतो. वहीत दोन रकाने केलेले असले की हे वेगळे करणे दोन मिनिटांचे काम राहते. पट्ट्या आणि दुकानाच्या पावत्या जपून ठेवा. कार्बनच्या प्रती पुसट होत जातात, म्हणून आल्या दिवशीच फोटो काढा.

भावाभावांत वाटा कसा करायचा?

मंडळात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतात. ‘कांदा एक लाख अडतीस हजारांचा गेला म्हणे, आणि मला काहीच नाही?’

१,३८,४०० मध्ये मुंबईकराचा अर्धा वाटा नसतो, आणि रोख राहिलेल्या ४४,८१२ मध्येही नसतो. आमच्या एकराचे आम्ही असे केले. ४४,८१२ मधून दादा-वहिनींच्या मजुरीचे २९,५०० आधी त्यांचे. शेणखताचे ३,५०० गाय सांभाळणाऱ्याचे, म्हणजे तेही त्यांचेच. घसाऱ्याचे ८,००० बराखी आणि मोटारीसाठी पतपेढीतल्या वेगळ्या खात्यात. राहिला तो जमिनीचा, आणि जमीन दोघांची. निव्वळ नफा ५,५८४, प्रत्येकी २,७९२. त्यातून माझ्याकडे आलेल्या दोन पिशव्यांचे ८८६ वजा, म्हणून मला रोख १,९०६. दादाच्या घरातही दोन पिशव्या राहिल्या, म्हणून त्यालाही जमिनीपोटी तेवढेच.

हा हिशोब पहिल्यांदा मांडला तेव्हा वहिनी बराच वेळ त्यांच्या नावासमोरच्या १०,५०० कडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘भावजी, काढणीच्या वेळचे दोन अर्धे दिवस खुणा करायचे राहिलेत, ते घेऊ का?’ तोवर पान बंद झाले होते. ते दिवस आम्ही पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत, ‘मागील बाकी, एक दिवस, ३५०’ म्हणून घेतले. आणि ऑगस्टच्या पट्टीनंतर दादाने मला ११,९०६ पाठवले. वहीत त्याच्या दोन ओळी आहेत: १०,००० उसने परत, १,९०६ जमिनीचा वाटा.